लॉक नटाची किल्ली हरवली: पिळाच्या सॉकेटने चारही नट काढल्याच्या नोंदी (ठाणे)

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार: पाहणी आणि मोजमाप

गाडी होंडा सिटी, २०१४चं मॉडेल. चाकं कंपनीची नाहीत. आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेले अलॉय आहेत. प्रत्येक चाकाला चार नट, त्यातला एक लॉक नट, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला, फक्त त्याच्या खास किल्लीनेच निघणारा नट. मागच्या डाव्या टायरला बाजूने फुगा आलाय, म्हणजे टायर बदलणं टाळता येणार नाही, आणि लॉक नटाची किल्ली गाडीत नाही.

शोधायच्या जागा ठरलेल्या: स्टेपनीखालचा खड्डा, जॅकची पिशवी, ग्लोव्ह बॉक्स, सीटखाली, डिकीच्या बाजूच्या कप्प्यात. शेवटचं अलाइनमेंट जिथे झालं तिथेही विचारावं, कारण किल्ली हरवायची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे टायरवाल्याच्या एअर गनचं सॉकेट. किल्ली त्यातच अडकून राहते आणि गाडी निघून जाते. कापूरबावडीच्या दुकानात डबाभर बेवारस किल्ल्या निघाल्या, एकही बसली नाही. किल्लीसोबत नंबराचं कार्ड किंवा चकती येते. ती असेल तर त्या नंबराची नवी किल्ली मागवता येते आणि पुढचं काहीच करावं लागत नाही. इथे नंबर नाही, नटावर कंपनीचं नावही नाही.

टायरवाल्याचा सल्ला नेहमीचा: "दादा, बारा कोनी सॉकेट ठोकून बसवू? पाचशे रुपये नटाला, पण अलॉयला लागलं तर माझी जबाबदारी नाही." नट मऊ असेल तर ही युक्ती चालते. लॉक नटाचं वरचं कातडं मात्र कडक केलेलं असतं. त्यावर साधं सॉकेट फक्त घट्ट बसल्याच्या जोरावर धरून असतं आणि नट जास्त आवळलेला असला की घसरतं किंवा तडकतं. पिळाच्या सॉकेटच्या आत तिरपे, पिळलेले दात असतात. नट सोडवायच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवलं की दात नटावर आणखी खाली चढतात. जितका जोर, तितकी पकड. म्हणून ते मागवलं.

मागवायच्या आधी तीन मापं घ्यावीत. व्हर्निअरने नटाच्या तोंडाशी बाहेरचा व्यास: २०.६ मिमी. तोच व्यास मुळाशी: २१.४ मिमी, म्हणजे नट किंचित निमुळता आहे. तिसरं माप बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे अलॉयच्या ज्या भोकात नट बसलाय त्याचा आतला व्यास: ३१ मिमी. सॉकेट नटावर बसेलही, पण त्याची भिंत जाड असेल तर भोकात शिरणारच नाही. बाजारातल्या अलॉयची भोकं कंपनीच्या चाकांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे हा घोळ बाहेरच्या चाकांवर जास्त होतो.

९ नोव्हेंबर, रविवार: पहिला नट निघाला, दुसऱ्याने सॉकेट खाल्लं

ऑनलाइन मागवलेला पाच सॉकेटचा संच, ८५० रुपये. सॉकेटवरचा आकडा षटकोनी नटासाठी असतो, गोल नटासाठी तो निव्वळ अंदाज. २०.६ मिमीच्या गोल नटाला '२१' लागेल असं वाटतं, पण '२१' हाताने ढकललं तर पार मुळापर्यंत गेलं. असं सैल गेलेलं सॉकेट कितीही ठोकलं तरी धरत नाही. '१७' नुसतं कडेवर टेकलं आणि हातोड्याने उसळून बाहेर आलं. '१९' हाताने सुमारे ३ मिमी बसलं आणि थांबलं. हवं ते हेच: हाताने दोन-तीन मिमी, पुढचं ठोकून. '१९'चा बाहेरचा व्यास २८ मिमी, म्हणजे भोकात सगळीकडे दीड मिमी मोकळी जागा. सॉकेटला टेप गुंडाळली तर तेवढी जागाही जाते, म्हणून टेप भोकाच्या कडेला लावली.

गाडी जमिनीवरच ठेवायची. हँडब्रेक, गिअरमध्ये, चाकामागे वीट. जॅकची गरज नाही. बाकीचे तीन नट सैल करायचे नाहीत, उलट ते नीट आवळलेले आहेत ना हे पाहायचं. ते सैल केले की चाकाचा सगळा ताण लॉक नटावर येतो आणि तो आणखी घट्ट धरून बसतो.

पुढचा डावा नट पहिला. सॉकेट सरळ धरून दीड किलोच्या हातोड्याने चार-पाच ठाम ठोके. सॉकेट आणि हातोडा दोन्ही कडक पोलादाचे, त्यामुळे कपच्या उडू शकतात. मध्ये पितळेचा जाड दांडा धरावा आणि चष्मा लावावाच. ठोके मोजके आणि जोरदार द्यावेत. वीस-तीस हलके ठोके मारत बसलं की दणका चाकाच्या बेअरिंगला बसत राहतो आणि सॉकेट पुढे सरकत नाही. सॉकेट पुढे जातंय की नाही हे आवाजावरून कळतं. सुरुवातीला बद्द वाजतं, पक्कं बसलं की टणक आवाज येतो. तो आला की थांबावं.

सहाशे मिमीचा ब्रेकर बार लावून हळू जोर दिला. एक करकर, मग 'टक्', आणि नट सुटला. त्या जागी लगेच साधा नट हाताने लावून आवळला आणि मगच पुढच्या चाकाकडे वळलो. एका वेळी एकच नट.

पुढचा उजवा नट मात्र सुटला नाही. बार फिरत होता, नट जागेवर. सॉकेट बाहेर काढलं तर नटाच्या कडेला चकचकीत पट्टा पडलेला आणि सॉकेटच्या दातांची धार बसलेली. कारणं दोन निघाली, आणि पहिल्या नटाशी ताडून पाहिल्यावर ती स्पष्ट झाली.

एक, तेल. आदल्या रात्री चारही नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारला होता. पहिल्या नटावर पावसाळ्यातला गंज होता, त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर दातांना धरायला काहीतरी होतं. दुसऱ्याचा क्रोम शाबूत होता आणि त्यावर तेलाचा थर. तेल आट्यात हवं, नटाच्या बाहेर नको. शिवाय हे नट तोंडाला बंद आहेत, त्यामुळे पुढून मारलेला स्प्रे आट्यापर्यंत पोचतच नाही. बैठकीच्या कडेने झिरपेल तेवढाच.

दोन, सॉकेटचं पोलाद. त्याच्या दातावर कानस घासून पाहिली तर कानस लागली, बारीक कीस निघाला. ज्या दाताला कानस लागते तो लॉक नटाच्या कडक कातडीत शिरणार नाही, स्वतःच मऊ पडेल. पहिल्या नटाला हे सॉकेट पुरलं, कारण तो फारसा आवळलेला नव्हता.

११ नोव्हेंबर, मंगळवार: सॉकेट

ठाण्याहून लोकलने मशीद बंदर, तिथून नागदेवी स्ट्रीट. हत्यारांची दुकानं एकाला एक लागून आहेत, आणि ऑनलाइनपेक्षा इथे एक मोठी सोय आहे: वस्तू हातात घेऊन तपासता येते. खिशात छोटी कानस आणि पुढच्या डाव्या चाकाचा निघालेला नट होता. तो नट दाखवला की आकड्यांवर वाद होत नाही, थेट त्यावर सॉकेट बसवून पाहता येतं.

दुकानदाराला आधी सांगून दाताच्या मागच्या बाजूला कानस घासली. चांगल्या सॉकेटवर कानस काचेवरून सरकावी तशी सरकते. क्रोम-मॉलिब्डेनमचं, काळ्या रंगाचं, अर्ध्या इंचाच्या चौकोनाचं '१९' आणि त्याच जातीचं '१७' असे दोन सुटे घेतले, मिळून १,९०० रुपये. '१७' कुठे लागलं ते पुढे आहे. संचातल्या पाचांपैकी कामाचं एकच असतं, त्यामुळे सुटं चांगलं सॉकेट घेणं शहाणपणाचं. पैसे तिथेच वाचतात.

दुकानदाराने गाडीचं आरसी दाखवायला सांगितलं. योग्यच आहे. हे सॉकेट चोरालाही तितकंच उपयोगी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकाच्या नटावर हातोडा पडला की वॉचमनही विचारणार, तेव्हा आरसीचा फोटो फोनमध्ये ठेवावा आणि काम दिवसाउजेडी करावं.

१५ नोव्हेंबर, शनिवार: दुसरा आणि तिसरा नट

आधी नटाची बाहेरची बाजू. ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन तेल पुसलं, दोनदा. मग क्रोमवर ८० नंबरचा पॉलिश पेपर बोटाने फिरवला, चकाकी जाऊन पांढुरके ओरखडे येईपर्यंत. क्रोमचा पापुद्रा सुटा होत असेल तर तो छन्नीने उपटून टाकावा. नाहीतर दात त्या पापुद्र्यात रुततात, पापुद्रा नटावर फिरतो आणि पकड बसली असं वाटूनही नट हलत नाही.

घसरलेल्या नटाचा व्यास आता तोंडाशी २०.२ मिमी उरला होता. नवं '१९' त्यावर हाताने ४ मिमी बसलं. थोडं जास्त आहे, पण दात आत निमुळते होत जातात म्हणून चालतं. याहून जास्त गेलं असतं तर एक माप लहान घ्यावं लागलं असतं. ठोकल्यावर एकूण ९ मिमी आत. अशा नटाला आठ मिमीपेक्षा कमी पकड असेल तर बार लावू नये.

आता बार. अर्ध्या इंचाचा, सहाशे मिमीचा. रॅचेट नको, या जोराला त्याचा खटका तुटतो. एअर गनही नको. ती दणके देते आणि दणक्यांनी सॉकेट नटावरून मागे सरकतं. इथे लागतो तो एकसंध, वाढत जाणारा जोर. बार आडवा ठेवून खाली दाबायचा, म्हणजे अंगाचं वजन कामी येतं. ४० किलोचा भार टोकावर दिला तर सुमारे २३५ न्यूटन मीटर होतात. या गाडीच्या नटाचा ठरलेला टॉर्क १०८ आहे, म्हणजे दुपटीहून जास्त. एअर गनने आवळलेले नट याच पट्ट्यात सुटतात.

बार दाबताना सॉकेट वाकडं होऊ नये, ही यातली सगळ्यात नाजूक गोष्ट आहे. बारचा सांधा चाकाच्या बाहेर येतो, खाली दाबलं की सॉकेटचं मागचं टोक खाली जातं आणि एका बाजूचे दात सुटतात. म्हणून सांध्याखाली आधार दिला: जॅक स्टँड, त्यावर लाकडी फळी, उंची अशी की बारची मान फळीवर फक्त टेकेल. एक हात सॉकेटच्या मागे चाकाकडे दाबत ठेवायचा. मध्ये थांबून बार उलट, म्हणजे घड्याळाच्या दिशेने हलवायचा नाही. पिळाचे दात त्या दिशेने सुटतात, मग पुन्हा ठोकावं लागतं.

पुढचा उजवा नट सुमारे पाव वळणापर्यंत नुसता कुरकुरत राहिला. ती करकर दात रुतण्याची असते, आवाज सारखा येत असेल तर चालू द्यावं. आवाज बंद होऊन बार एकदम हलका झाला तर थांबावं. त्याचा अर्थ एकतर नट सुटला किंवा सॉकेट घसरलं. कोणतं ते ओळखायला आधी नटाच्या तोंडावर आणि अलॉयवर मार्करने एका रेषेत खूण केली होती. सॉकेटच्या चौकोनी भोकातून टॉर्चने पाहिलं तर नटावरची खूण सरकलेली दिसली. सुटला होता. मागचा उजवाही असाच निघाला, त्याला जोर कमी लागला.

निघालेला नट सॉकेटमध्ये घट्ट अडकतो. चौकोनी भोकातून दांडा घालून ठोकला तर तो बाहेर पडतो खरा, पण दातांवर उलटा मार बसतो. व्हाइस असेल तर नटाचा बाहेर राहिलेला भाग त्यात पकडून सॉकेट घड्याळाच्या दिशेने फिरवावं. ज्या दिशेने दात सुटतात ती इथे कामी येते, दोन झटक्यांत मोकळं होतं. नट परत स्टडवर चढवून सॉकेट सोडवायचा प्रयत्न करू नये, नट पुन्हा आवळला जातो.

१६ नोव्हेंबर, रविवार: चौथा नट, कड्याचा

मागचा डावा, म्हणजे ज्या चाकासाठी हा खटाटोप. दिसायला थोडा जाड, तोंडावरची नक्षी बाकी तिघांपेक्षा वेगळी. मूळ संचातला नट कधीतरी हरवल्यावर दुसऱ्या संचातला लावलेला असावा. बाहेरचा व्यास २२ मिमी. पकडीच्या तोंडांना कापड गुंडाळून बाहेरची बाजू धरली आणि फिरवली, तर बाहेरचं कडं मोकळं फिरलं आणि आतला गाभा जागेवर राहिला.

हे कडं मुद्दाम असतं. बाहेरून काहीही पकडलं तरी कडंच फिरतं. त्यावर पिळाचं सॉकेट ठोकलं तर दात कड्यात छान रुततात, बार फिरतो आणि नटाला काहीच होत नाही. त्यामुळे कोणताही लॉक नट असो, सॉकेट ठोकायच्या आधी ही पकडीची चाचणी करावी. ठोकल्यावर कडं वाकून अडकलं तर मग ते कापणंही कठीण होतं.

उपाय एकच, कडं काढून गाभा मोकळा करणं. भोकात कटिंग चकती शिरत नाही. लांब दांड्याचा कार्बाइड बर, म्हणजे धातू कुरतडणारं दातेरी टोक, आणि तो फिरवायला सरळ ग्राइंडर लागतो. ग्राइंडर ओळखीच्या वर्कशॉपमधून दिवसाच्या ३०० रुपये भाड्याने आणला. अलॉयच्या भोकाच्या कडेला तेलाच्या डब्याचा पातळ पत्रा गोल वाकवून बसवला. कड्याला तोंडापासून मुळापर्यंत एक उभी खाच पाडायची, गाभ्याला बर लागायच्या जरा आधी थांबायचं. कडं कडक असल्याने बर हळू खातो आणि जोर लावला तर उडी मारतो, एकदा पत्र्यावर आदळलाच. तासाभराच्या आसपास वेळ गेला. उरलेला पापुद्रा खाचेत छन्नी घालून पिळून तोडला आणि कडं चिमट्याने ओढून काढलं.

आतला गाभा १७.५ मिमी. इथे '१७' लागलं: हाताने अडीच मिमी, ठोकून ८ मिमी. गाभ्याला क्रोम नसतो, पृष्ठभाग मंद आणि खरखरीत असतो, त्यामुळे पकड पहिल्याच दाबात बसली. नट निघाला.

कापताना उडालेला लोखंडी कीस अलॉयवर राहिला तर दोन-चार दिवसांत तपकिरी ठिपके पडतात, लॅकरमध्ये शिरले की जात नाहीत. लगेच साबणाच्या पाण्याने चाक धुतलं.

संध्याकाळी स्टड तपासले. आटे एम १२ × १.५. तारेच्या ब्रशने साफ करून नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहायचा. मध्येच एका जागी जड गेला आणि पुढे पुन्हा हलका झाला, तर तिथे स्टड ताणला गेलाय, तो बदलावा. चारही स्टडवर नट बोटांनी पूर्ण गेला.

नव्या नटांबद्दल एक सावधगिरी या गाडीपुरती. बाहेरच्या या अलॉयची नटाची बैठक ६० अंशाच्या शंकूची आहे. होंडाच्या मूळ चाकांची बैठक मात्र गोल, वाटीसारखी. शंकूचा नट गोल बैठकीत फक्त एका कडेवर टेकतो, टॉर्क पाना 'टक्' म्हणतो आणि पाच-पन्नास किलोमीटरनंतर नट सैल झालेला सापडतो. म्हणून अलॉयसाठी शंकूचे चार साधे नट घेतले आणि स्टेपनीच्या पोलादी चाकासाठी कंपनीचे चार गोल बैठकीचे नट पिशवीत घालून जॅकसोबत ठेवले. पंक्चरच्या वेळी अलॉयचेच नट स्टेपनीला लावायची चूक रस्त्यावर हमखास होते.

आटे कोरडेच ठेवले. तेल किंवा ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला स्टडवर ताण कितीतरी जास्त येतो. समोरासमोरच्या क्रमाने आधी ६०, मग १०८ न्यूटन मीटर.

पुन्हा लॉक नट लावले नाहीत. १,९०० रुपयांची दोन सॉकेटं आणि एक ग्राइंडर जे काम करतात, त्याला चोर किती वेळ घेईल याचा हिशेब इथे वर आलाच आहे. ज्यांना लावायचेच आहेत त्यांनी किल्लीच्या नंबराचा फोटो काढून ठेवावा आणि टायरवाल्याकडून गाडी घेताना किल्ली हातात मागून घ्यावी.

२२ नोव्हेंबर, शनिवार: फेरतपासणी आणि खर्च

टायर मंगळवारी बदलला. तेव्हा दुकानात एअर गन फक्त नट चढवण्यापुरती वापरू दिली, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने. घोडबंदर रोडवर साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे सोळा नट १०८वर पुन्हा तपासले. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट जेमतेम हलले, बाकीचे जागेवर.

खर्च: वाया गेलेला संच ८५०, दोन सुटी सॉकेटं १,९००, ग्राइंडर भाडं ३००, बर ३५०, शंकूचे चार नट २४०, ब्रेक क्लीनर आणि पॉलिश पेपर ४००. एकूण ४,०४० रुपये, टायर सोडून. संच घेतला नसता आणि नट आधी पकडीने तपासून मग खरेदी केली असती, तर ३,१९०मध्ये झालं असतं.

सॉकेटची अवस्था: '१९'च्या दातांवर क्रोमचे कण चिकटले होते, ते तारेच्या ब्रशने निघाले, धार शाबूत आहे. '१७' नव्यासारखं. दोन्ही तेल पुसून पिशवीत ठेवली आहेत.